खालच्या लेयरमधलं गोंदण

ग्लोरिया लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढते. विरारमध्ये अर्नाळ्याच्या रस्त्यावर एक जुना फोटो स्टुडिओ आहे. तिथं मागच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर. लग्नाचे अल्बम, पासपोर्टचे फोटो आणि गेलेल्या माणसांच्या फ्रेमा. फ्रेमांचं काम मालक तिच्याशिवाय कुणाला देत नाही.

त्याच कॉम्प्युटरवर तिच्या नवऱ्याचा, सॅन्टनचा एक फोटो आहे. त्याला जाऊन तिसरं वर्ष. फोटोत तो होडीच्या काठावर हात टेकून हसतोय. हातावर, मनगटाच्या वर, नारिंगी डाग आहे. आदल्या रात्री शेजारच्या घरी लग्नाची मेंदी होती. ग्लोरियानं हौसेनं दोन्ही तळव्यांवर काढून घेतली होती, आणि ती सुकायच्या आत घरी येऊन सॅन्टनचा हात धरला होता. तो ओरडला होता, "अगं, माझं लगीन कधीच झालंय!"

सासूला तो फोटो घरातल्या आल्तारीशेजारी, येशूच्या तसबिरीपाशी लावायचा आहे.

"डाग पुसलास का गो?" ती दर आठवड्याला विचारते.

"करते, माय."

"लोकांचं करतेस रोज."

ग्लोरिया फाईल उघडते. बघते. बंद करते.

पावसाळा सरता सरता जयवंतकाका आले. अर्नाळ्याचे. आता होडीवर जात नाहीत. सोबत त्यांची मुलगी संपदा, वालीवच्या एका कारखान्यात ऑफिसात असते. काकांची बायको आशालता मागच्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाला मोठी फ्रेम हवी होती. संपदानं मोबाईलवर काढलेला फोटो दिला. आशालताबाई ओट्यावर बसलेल्या, एक हात मांडीवर. हातावर गोंदण. कधीकाळी तुळशीचं रोप असावं. आता रेषा पसरून निळसर हिरवा ढग झाला होता.

"ते काढायचं," काका म्हणाले.

"नाही काढायचं," संपदा म्हणाली. "ताई, तुम्ही ऐकू नका त्यांचं. आईचा हात ओळखू तरी येईल का?"

"काका, खरं तर राहू द्या," ग्लोरिया म्हणाली. "फिकट आहे. छान दिसतं."

काका स्टुलावर बसले.

"तिला नेली तेव्हा पाटल्या काढल्या. मंगळसूत्र काढलं. नाकातली पन काढली, ही संपदा रडत होती तरी. म्हाताऱ्या बाया म्हनल्या, गोंदन तेवढं बाईसोबत जातं, बाकी सगळं इथंच. मग ते तिनं नेलं ना, पोरी? हितं कसं ऱ्हायलं? हितं असंल तर ती रिकाम्या हातानं गेली."

संपदा दाराबाहेर बघत राहिली. ग्लोरियानं फोटो घेतला.

काम सोपं वाटलं होतं. तिनं आधी रंग आणि उजेड एका लेयरवर, म्हणजे थरावर घेतला, कातडीची बारीक वीण दुसऱ्यावर. खालचा निळा रंग आजूबाजूच्या सावळ्या रंगात मिळवला. वीण मात्र गोंदणानं झाकली होती, ती दुसरीकडून आणायला हवी. कोपराच्या खाली जरा मोकळी जागा होती. तिथून उचलून तिनं सगळीकडे बसवली.

काका आणि संपदा बघायला आले. कागदावर मोठी प्रिंट काढून दाखवली. त्यांनी ती खिडकीशी नेली.

"हा तीळ हितं. हितं पन. आनि हा बघ, हितं. तिला एकच होता."

ग्लोरियाचे कान तापले. छोटा तुकडा परत परत लावला की असं होतं. नवशिक्या पोरांना ती यावरूनच ओरडायची.

तिनं ते पुसून हलका ब्लर दिला, कातडी गुळगुळीत झाली. काकांनी तेही बाजूला ठेवलं.

"हा हात मासळीत गेला नाय कधी. सिनेमावाल्या बाईचा हात हाय."

"मग कातडी आणू कुठून, काका? फोटोत दुसरीकडे हातच दिसत नाही. वर बाही, खाली बांगड्या."

संपदानं बाही वर केली. "माझी चालेल?"

ग्लोरियानं तिला खिडकीशी बसवलं. आईच्या फोटोत उजेड डावीकडून होता, म्हणून तिलाही तसंच वळवलं. हात मांडीवर, तसाच कलता. संपदाला वाकवत, सरळ करत बरेच फोटो काढले. मनगटाच्या वर एक बारीक पांढरी रेघ होती.

"विळीची," संपदा म्हणाली. "शाळेत होते. आई म्हणाली होती, तू अभ्यास कर, कोलंबीला हात लावू नको. मी लावला."

ग्लोरियानं मुलीच्या हाताची फक्त वीण घेतली, रंग आईचाच ठेवला. रोमरंध्रं, हातावर आडव्या जाणाऱ्या बारीक रेषा, लव ज्या दिशेला झुकते ती दिशा. आईच्या वयाच्या ठळक सुरकुत्या कोपराजवळून घेतल्या, एकेक, एकदाच. पांढरी रेघ ती काढणार होती. काढली नाही. फिकी करून ठेवली.

काकांनी ही प्रिंट हातात घेतली आणि अंगठा हातावरून फिरवला. रेघेवर थांबला.

"ही संपदाची."

"काढू का?"

"नको. ऱ्हाऊ दे." मग स्क्रीनकडे बघून त्यांनी विचारलं, "ते गेलं कुठं पन?"

ग्लोरियाला कामाचा अभिमान होता. तिनं वरच्या लेयरसमोरचं डोळ्याचं चिन्ह दाबलं, तो डोळा बंद करून दाखवला. तुळशीचा निळा ढग परत आला. डोळा उघडला, गेला.

काकांचा चेहरा उतरला.

"म्हंजे झाकलंस. खाली हायच."

"बाबा, कॉम्प्युटरमध्ये असंच असतं," संपदा म्हणाली.

"मग तिनं नेलं नाय."

मूळ फोटो कधी पुसायचा नाही, हे ग्लोरिया पहिल्या दिवशी शिकली होती. उद्या चूक निघाली तर? गिऱ्हाईक परत आलं तर? ती संपदाकडे बघत राहिली. संपदानं मोबाईल पर्समधून काढला, गोंदणाचा फोटो उघडला आणि बराच वेळ बघितला. मग डिलीटवर बोट दाबलं.

ग्लोरियानं सगळे लेयर एक केले. फाईल त्यावरच सेव्ह केली. मूळ फोटोही पुसला. काकांनी पुन्हा विचारलं, "आता?"

"आता खाली काही नाही, काका."

ग्लोरियानं प्रिंट फ्रेममध्ये बसवून दिली. त्यांनी ती पेपरात गुंडाळून घेतली, छातीशी धरली.

"पोचली," ते म्हणाले.

ते गेल्यावर मालक जेवायला निघाला. दुपार होती, दुकानात कुणी नव्हतं. ग्लोरियानं सॅन्टनचा फोटो उघडला. या वेळी बंद केला नाही.

नारिंगी रंग लवकर गेला. मेंदी कातडीच्या वरच असते, वीण खाली शाबूत असते, उसनी आणावी लागत नाही. रंग हलवत नेला तसा त्याचा स्वतःचा हात दिसू लागला. लव, उन्हानं रापलेली कातडी, मिठाच्या पाण्यानं आलेला कोरडेपणा. तिनं तो हात असा स्वच्छ कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. तळव्याचा ठसा गेला. तिची चार बोटं होती तिथं, ती गेली.

तिनं प्रिंट काढली. चांगली आली होती.

सासूचा फोन आला. "झाला का गो?"

"झाला, माय. संध्याकाळी आणते."

"नीट पुसलास ना?"

"दिसत नाही काही."

फोन ठेवून तिनं फाईलकडे बघितलं. लेयर एक करायचं बटण समोर होतं. तिनं माऊस तिथं नेला. मग वरच्या लेयरचा डोळा बंद केला. सॅन्टनच्या हातावर तिची बोटं परत आली, ओली, नारिंगी.

तिनं फाईल तशीच सेव्ह केली.