फिकट रंगाचं गाव

तो नकाशा मीच केला होता. आरोग्य विभागाच्या कार्यालयात मी कंत्राटावर आकडे भरते. तीन वर्षांतल्या सर्पदंशाच्या नोंदी रुग्णाच्या गावाप्रमाणे लावायच्या आणि प्रत्येक आरोग्य केंद्राच्या हद्दीला रंग द्यायचा, असं काम माझ्याकडे आलं. दंश जास्त तितका रंग गडद. संगणकाने पिवळटापासून काळपट तांबड्यापर्यंत पाच छटा दिल्या. हातखंब्याच्या अलीकडचं, शहराला लागून असलेलं केंद्र सगळ्यात गडद झालं. संगमेश्वरच्या वरच्या अंगाला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, असलेलं एक केंद्र इतकं फिकट, की कोऱ्या कागदाचाच रंग वाटावा.

सरांनी नकाशा भिंतीवर लावला. ते आमच्या कार्यालयाचे प्रमुख, स्वतः डॉक्टर.

"फिकट म्हणजे निवांत," ते म्हणाले. "यंदा सापाच्या इंजेक्शनचा साठा अपुरा आहे. फिकट केंद्रांतला उचलू आणि गडद केंद्राला देऊ. सोमवारच्या बैठकीत ठरवून टाकू."

मी मान हलवली. माझ्या कामावरून काही ठरतंय याचं मला बरंच वाटलं, हे कबूल करते.

त्याआधी कुप्या मोजायला आणि सर्वेक्षणाच्या वह्या तपासायला त्यांनी मला जीपने त्या फिकट केंद्रावर पाठवलं. फ्रीजमध्ये कुप्या नीट ओळीत होत्या. मोजून झाल्यावर घरोघर फिरून आरोग्याच्या नोंदी ठेवणाऱ्या तिथल्या आशाताई मला त्यांच्या वाडीत घेऊन गेल्या, वही घरी होती म्हणून. पन्नाशीच्या बाई, हातात काठी. चालता चालता त्यांनी माझी शाळासुद्धा विचारून घेतली. दुपारचे दोन वाजले असतील. कातळ तापलेला, गवत वाळून पांढरं झालेलं, काजूच्या झाडांखाली पाचोळ्याचा जाड थर.

वाडीत वीसेक घरं. बहुतेकांना कुलपं. प्रत्येक बंद घरासमोर त्या थांबायच्या, उंबऱ्यावर काठी दोनदा आपटायच्या आणि हाक मारायच्या, "आहात काय गो?" मग जरा वाट बघायच्या. मग पुढे.

तिसऱ्या घरापाशी मी विचारलं, "आत कोणी आहे का?"

"नाय. गणपतीत येतील."

"मग हाक कशाला?"

"काठीनं फुरसं सरकतं." त्या पुढे चालू लागल्या. "आणि हाकेची सवय. घराला पण लागते ना, बाय."

चौथ्या घरापाशी काठी आपटल्यावर पायरीखालच्या दगडांतून आवाज आला. कोणी बोथट करवत हळूहळू ओढावी तसा. आशाताईंनी हात आडवा धरून मला थोपवलं. फुरसं हा छोटा विषारी साप अंगाचे खवले एकमेकांवर घासतो, त्याचा तो आवाज. दिसलं काहीच नाही. आवाज थांबला, तेव्हा मला जास्त भीती वाटली.

"भियालीस काय?" त्या म्हणाल्या. "तुझ्या इंग्लिश शाळेत शिकवलं नाय वाटतं."

त्यांच्या ओटीवर बसल्यावर त्यांनी उजव्या हाताची तर्जनी दाखवली. टोकाला मांस नव्हतं, नुसती ताणलेली कातडी. मागच्या काजूच्या दिवसांत पाचोळ्यातून बिया वेचताना चावलं होतं.

"काचेच्या नळीत रक्त घेतलं आन वीस मिनटं ठेवलं. हलवायचं नाय. दुसऱ्यांचं मीच कितीदा घड्याळ लावून बघितलंय. त्या दिवशी माझं बघत बसले. वीस मिनटांनी डॉक्टरनी नळी कलती केली, तर पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नाय. इंजेक्शन हितंच होतं म्हणून. गाडी मिळून देवरूखला पोचेपर्यंत..." त्यांनी वाक्य सोडलं आणि वही उघडली.

मी कुप्या कशासाठी मोजल्या ते त्यांना अजून सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. शहराजवळच्या केंद्रात तीन वर्षांत पंचेचाळीस दंश झाले, इथे बारा, म्हणून इथल्या कुप्या तिकडे न्यायच्या.

"पंचेचाळीसच?" त्या म्हणाल्या. "एवढ्या माणसांत?"

वहीवर बोट ठेवून वाचत राहिले. जवळजवळ प्रत्येक पानावर समासात बारीक अक्षरात 'मुं.' लिहिलं होतं.

"हे काय?"

"मुंबईला."

"हे पण? आणि ही चौघं?"

"सगळी मुंबईला."

"मग नावं का ठेवलीत?"

"कापू कशी गो? सणाला आली की आधी विचारतात, आमचं नाव हाय ना वहीत? नाव कापलं तर माणूस गेल्यासारखं वाटतं."

केंद्रावर बाकीच्या वाड्यांच्या वह्याही बघून परतताना जीपमध्ये मी मोबाइलवर भागाकार केला. शहराजवळच्या हद्दीत साठ हजार माणसं, पंचेचाळीस दंश: दहा हजारांमागे साडेसात. सड्यावर वहीप्रमाणे सहा हजार, बारा दंश: दहा हजारांमागे वीस. माझा नकाशा साप कुठे जास्त चावतात ते दाखवतच नव्हता. माणसं कुठे जास्त राहतात, ते दाखवत होता. आणि त्या सहा हजारांत ती कुलूपबंद घरंही होती. सगळ्या वाड्यांतले 'मुं.' वगळले तर माणसं उरत होती तीन हजारांच्या आसपास. दहा हजारांमागे चाळीस. इथे नसलेली माणसं वहीत बसून धोका पातळ करत होती.

बैठकीत बोलणं मला जमत नाही. मराठी शब्द ऐन वेळी सापडत नाहीत. सोमवारी सरांनी पेन उचललं तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, संख्येचा नाही, दराचा नकाशा हवा."

"दर?" आमचे वरिष्ठ लिपिक म्हणाले. "कसला दर बाईसाहेब, मिरकरवाड्याच्या बंदरातल्या सुरमईचा?"

सगळे हसले. मी दुसरा नकाशा टेबलावर ठेवला. तीच हद्द, त्याच पाच छटा, पण रंग उलटले होते. फोटोच्या निगेटिव्हमध्ये ओळखीचा चेहरा दिसावा तसं ते दिसत होतं. हसणं हळूहळू थांबलं.

सरांनी चष्मा काढला. "छेदात कोण धरलंस?"

मी आधी गोंधळले. शाळेत मी डिनॉमिनेटर शिकले होते. छेद म्हणजे कापणं, एवढंच मला माहीत होतं. मग कळलं. "वहीतली सगळी नावं धरून वीस येतात. प्रत्यक्ष राहणारे धरले तर चाळीस."

"आकडे लहान आहेत. एका वर्षाचे असते तर मी मानलं नसतं. चाराचे सहा झाले की दर लगेच दीडपट होतो."

"तीन वर्षांची बेरीज आहे, सर. आणि तिन्ही वर्षं वेगवेगळी केली तरी हेच केंद्र सगळ्यात वर येतं."

त्यांनी दोन्ही नकाशांवर त्याच दोन केंद्रांवर बोट ठेवून पाहिलं. "एकूण कुप्या किती लागतील, ते संख्याच सांगणार," ते शेवटी म्हणाले. "शहरासाठी आपण वरून जास्त मागवू. पण सड्यावरच्या हलवायच्या नाहीत. तिथल्या माणसाला धोका जास्त आहे आणि रस्ता लांब." मग माझ्याकडे वळून, "प्रत्यक्ष राहणाऱ्यांचा पण नकाशा काढ. भिंतीवर तो लावू."

आशाताईंना फोन केला. कुप्या राहतायत म्हटल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं." मागे काठी आपटल्याचा आवाज आला, दोनदा. मग त्यांनी कोणाला तरी हाक मारली आणि उत्तराची वाट बघत थांबल्या. फोनवर मीही थांबले.

तिसरा नकाशा मी त्याच संध्याकाळी छापला. सड्यावरचा तुकडा इतका काळपट आला होता, की त्यावर काळ्या शाईत छापलेलं गावाचं नाव दिसतच नव्हतं. अक्षरं पांढरी करून पुन्हा छापावा लागला.