फोटोचा फोटो

आमच्या बीडकडे एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही. ‘फोटो काढला का?’ असंच विचारतात. हाडांचा डॉक्टर म्हणून मला त्यात कधी काही गैर वाटलं नाही. पण मोबाइल आले आणि फोटोचेही फोटो निघायला लागले. कुणी फिल्म खिडकीला धरतं, कुणी ट्यूबलाइटला. कोपऱ्यात धरणाऱ्याचा अंगठा ठरलेला. दिवसभर फोनवर असली भुतं येत असतात आणि मी दिवसभर चिडत असतो.

तसंच एक भूत दिंद्रुडकडून आलं. पाठवणारी माझी जुनी विद्यार्थिनी, तिकडे स्वतःचा दवाखाना चालवते. एक म्हातारे मेंढपाळ ओढ्याकाठी घसरून पडले होते. खुबा दुखत होता, तरी लंगडत लंगडत तिच्याकडे चालत आले होते.

“सर, मला यात काही दिसत नाही,” ती फोनवर म्हणाली. “पण पाय फिरवला की ओरडतात. आणि उद्या कळप घेऊन निघायचंच म्हणतात.”

मलाही काही दिसेना. मांडीच्या हाडाच्या मानेपाशी चीर शोधायची, तर तिथंच खिडकीतलं आभाळ फाकलेलं, सगळं पांढरंफटक. भोवतीचं मांस एकजात काळं. आता चीर असलीच आणि हा माणूस मेंढरांमागे चालला, तर हाड जागचं सरकणार. मग त्याचा रक्तपुरवठा तुटायची भीती. रानोमाळ चालून जगणाऱ्याच्या पायाशी हा जुगार मी खेळायला तयार नव्हतो.

“त्यांना उभं राहू देऊ नकोस,” मी म्हणालो, “आणि मला ओरिजिनल पाठव.”

तिनं तो निरोप जसाच्या तसा म्हाताऱ्याच्या मुलाला दिला. दुपारी तो मोटारसायकलवरून माझ्या दारात हजर. टॉवेलात गुंडाळलेली फिल्म त्यानं जपून टेबलावर ठेवली.

“आबा कुठायत?”

“तिथंच खाटंवर. डाक्टर बाईनी उठू दिलं न्हाई. तुमी ओरिजिनल मागितला ना सायब, ह्यो घ्या.”

मी कपाळाला हात लावला, मग हसूच आलं. चूक त्याची नव्हती. त्याच्या लेखी मोबाइलातला फोटो नक्कल आणि हातातली फिल्म अस्सल. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. मोबाइलपेक्षा पुष्कळ बरं दिसत होतं. मानेच्या वरच्या कडेला शंका यावी इतपत सावली होती, पण छातीठोकपणे सांगावं असं काही नव्हतं.

“अरे, ही फिल्मसुद्धा छापलेली प्रत आहे,” मी त्याला म्हणालो. “अस्सल एक्स-रे सेंटरच्या कॉम्प्युटरात आहे. त्यात काळ्या-पांढऱ्यामधल्या हजारो छटा असतात आणि पाहिजे तो भाग उजळ-गडद करून बघता येतो. छापताना एकच उजेड ठरवून टाकतात, मग तो बदलत नाही. त्याचा मोबाइलनं फोटो काढला की आणखी छटा जातात, वर खिडकीची चमक येते. व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करून पाठवतं, त्यात बारीक रेघा पुसल्या जातात.”

तो विचारात पडला. “म्हंजी रस तिकडंच ऱ्हायला आन् मी चिपाड घेऊन आलो?”

“अगदी चिपाड नाही. पण रस तिकडंच आहे खरा.”

एक्स-रे सेंटरला फोन लावला. तिथल्या माणसानं कॉम्प्युटरातली मूळ फाइल तशीच ई-मेलनं पाठवली. ती उघडून मी मानेपाशी मोठी केली, उजेड उतरवला, गडदपणा चढवला. पांढऱ्या हाडातून जाळी वर आली, आणि त्या जाळीला आडवी छेदणारी, केसासारखी एक चीर. हाड मात्र अजून जागेवर होतं. मला इतका आनंद झाला की मी त्या पोराच्या पाठीवर थाप मारली. मोडलेलं हाड पाहून हसणारा डॉक्टर त्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा.

“कावून हसता सायब?”

“वेळेत सापडलं म्हणून.”

आबांना झोपवूनच अ‍ॅम्ब्युलन्सनं आणलं. बारीक छेद घेऊन स्क्रू बसवले. कृत्रिम सांधा घालायची वेळ आली नाही, त्यांचा खुबा त्यांचाच राहिला. नंतर मात्र मला त्यांच्याशी भांडावं लागलं, कारण वॉकर घेऊन चालायची त्यांना लाज वाटे. “मेंढरं हासतील,” म्हणत. कळप तेवढे महिने मुलानं सांभाळला, आणि आबा वॉकर टेकत त्याच्या मागून अंगणापुरते चालत राहिले.

शेवटच्या तपासणीला आबा आले. हाड छान जुळलं होतं. मी पाय फिरवून पाहिला, आबा ओरडले नाहीत. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला सांगितलं. ते चालले, आणि भिंत आली तरी थांबेनात. दार ढकलून बाहेर व्हरांड्यात गेले, तिथून पायऱ्या उतरून अंगणात. मुलगा हाका मारत मागे धावला.

“येऊ द्या त्याला मागनं,” आबा वळूनही न बघता म्हणाले. “लई दिस म्या त्याच्या मागनं चाललो.”