चौऱ्याऐंशीतलं बारदान

कल्लाप्पा मगदूम यांनी पस्तीस वर्षं शाहूपुरीत गुळाची अडत चालवली. त्यामुळं कोणतीही वस्तू समोर आली की ती नगाला किती पडते हे आधी बघायचं आणि मग वस्तूकडं, अशी त्यांच्या डोळ्यांना सवय लागली होती. गेले दोन महिने त्यांच्या पायांना मुंग्या येत होत्या. एका पायातली चप्पल जिन्यातच गळून पडली आणि त्याचा पत्ताच नसल्यानं ते तसेच चौकापर्यंत जाऊन आले, तेव्हा मात्र पद्मावतींनी त्यांना डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी चिठ्ठीवर सहा तपासण्या लिहून दिल्या.

"एकदाच सुई टोचून घेणार," कल्लाप्पांनी घरी आल्या आल्या जाहीर केलं. "त्यात निघंल ते निघंल. परत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं लॅबमध्ये पोचले. दिवस मावळायच्या आत जेवायची घरची रीत, त्यामुळं बारा तास उपाशी राहायला काही वेगळं करावं लागलं नव्हतं. काउंटरवर संयोगिता नावाची मुलगी होती. तिनं दोन पत्रकं पुढं सरकवली. एकात चौऱ्याऐंशी चाचण्या, नऊशे नव्व्याण्णव रुपये. दुसऱ्यात आठ चाचण्या, चौदाशे.

"पहिलंच जोरात चाललंय, काका."

"चालणारच की! चाचणीला बारा रुपयं बी पडत न्हाईत. त्या आठवाल्यात एकशे पंच्याहत्तर! अगं, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा हिशेब एका सुईत होतोय. कर पावती."

"थांब गं पोरी," पद्मावती म्हणाल्या आणि चष्मा चढवून बाकावर बसल्या. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला कधी मोठ्यानं अडवलं नव्हतं. त्या फक्त सावकाश वाचायच्या. ते जास्त भारी पडायचं.

"सीबीसी म्हणजे एकच ना गं? रक्तातल्या पेशी?"

"एकच, काकू. पण त्यात चोवीस आकडे येतात."

"आणि त्या चोवीस चाचण्या धरल्या. लघवीच्या एका बाटलीच्या वीस. लिव्हरच्या बारा. आणि चरबीत हे गुणोत्तर कशाचं?"

"ते दोन आकडे भागून येतं," संयोगिता जरा हळू बोलली.

"म्हणजे भागाकाराची बी चाचणी!" पद्मावती म्हणाल्या.

मागं रांगेतला एक पावणा हसला. कल्लाप्पा तापले. "अगं, असू दे की! फुकट मिळतंय ते घ्यायचं. लोक खोळंबल्यात."

पद्मावतींनी पिशवीतनं डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी काढली आणि पत्रकावर ठेवून बोट फिरवत गेल्या. सीबीसी आहे. उपाशीपोटीची साखर आहे. थायरॉइड आहे. क्रिएटिनिन किडनीच्या गटात आहे. बोट पुढं सरकेना.

"तीन महिन्यांची सरासरी साखर, ते एचबीएवनसी, कुठाय? आणि बी ट्वेल्व्ह?"

"ते ह्यात येत नाही, काकू. वेगळं घेतलं तर साडेचारशे आणि नऊशे."

"आठवाल्यात?"

"दोन्ही आहेत. तुमच्या सहाच्या सहा आहेत."

पद्मावतींनी नवऱ्याकडं बघितलं. डॉक्टरीणबाईंनी मुंग्यांसाठी मुद्दाम लिहिलेले हे दोन आकडे, आणि नेमके तेच नव्हते. पण असं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, तुला डॉक्टरकीतलं काय कळतंय. म्हणून त्या त्यांच्याच बाजारात शिरल्या.

"अहो, ह्या चौऱ्याऐंशीत बारदान किती?"

कल्लाप्पांनी पत्रक हातात घेतलं. बारदानासकट, म्हणजे गोणपाटाचं वजन धरून, गूळ तोलून भाव सांगणाऱ्या माणसाला त्यांनी आयुष्यात कधी चहा पाजला नव्हता.

"निव्वळ माल चारच," त्या म्हणाल्या. "नऊशे नव्व्याण्णव भागिले चार. अडीचशे पडले. आणि इथं चौदाशेत सहा."

कल्लाप्पांचे ओठ हलले. "दोनशे तेहतीस."

"आणि पहिल्याला ते दोन वरनं जोडले तर?"

"तेवीसशे एकोणपन्नास." त्यांनी पत्रक उलटंपालटं केलं, जणू खाली गोणपाट सापडेल. "आयला! व्हय की! भरून दिलंय नुसतं! ए पोरी, आठवालं लाव."

रक्त देताना त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि नळ्या किती भरल्या ते पद्मावतींना मोजायला लावलं.

संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. साखरेचे दोन्ही आकडे बरोबर. बी ट्वेल्व्ह एकशे अडतीस, शेजारी 'कमी' असं लिहिलेलं. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मुंग्यांचं कारण हेच दिसतंय. वेळेत कळलं, उद्या या, औषध सुरू करू."

कल्लाप्पांनी त्या एकाच आकड्यावर बोट ठेवलं.

"हे त्या चौऱ्याऐंशीत आलंच नसतं?"

"न्हाई."

"आणि मी सगळं ठीक म्हणून चप्पल हुडकत फिरलो असतो."

पद्मावतींनी ताटं मांडायला घेतली, दिवस मावळायला थोडाच वेळ होता. बाहेरच्या खोलीत कल्लाप्पा मार्केट यार्डातल्या गणपतरावांशी फोनवर बोलत होते, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं.

"पैसे भरलास? न्हाई न्हवं? मग थांब! आधी डॉक्टरची चिठ्ठी काढ. पाचशेत शंभर चाचण्या? अरे, गणपतराव, बारदान धरलंय त्यात! हायस कुठं तू? मी येतो, माझ्या बायकोला बी घेऊन येतो!"