दहापैकी सहा

जाहिरात मोबाइलवर आली तेव्हा मी लॅबमध्ये दुधाचे नमुने तपासत उभी होते. मिरजेच्या एमआयडीसीत बेदाणा निर्यात करणाऱ्या एका कारखान्याला गुणवत्ता विभागाचा प्रमुख हवा होता. वाचता वाचता माझे हात थांबले.

कराडजवळची आमची डेअरी मालकांनी विकली होती आणि नवे मालक लॅब पुण्याला हलवणार होते. नवरा कराडच्या शाळेत शिक्षक, मुलगी चौथीत. पुण्याला जायचं म्हणजे एका घराची दोन घरं करायची, न जायचं म्हणजे एमएस्सी होऊन घरी बसायचं. मला दोन्हीही नको होतं. मिरजेला मात्र रोज रेल्वेनं जाऊन-येऊन नोकरी करता आली असती.

जाहिरातीत दहा अटी होत्या. त्यातल्या सहांत मी बसत होते. दहा वर्षांचा अनुभव मागितला होता, माझा आठ वर्षांचा. निर्यातीचा अनुभव नाही, फळांवर फवारलेल्या औषधांचे उरलेले अंश तपासायचं काम केलेलं नाही, प्रमुख ऑडिटरचा कोर्स नाही. मी मोबाइल एप्रनच्या खिशात टाकला आणि पुढचा नमुना घेतला. विषय संपला असं मनाला सांगितलं, पण मन काही ऐकेना.

रविवारी माहेरी गेले. आण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तेव्हापासून गावाबाहेरच्या माळावर फौजेच्या भरतीला जाणाऱ्या पोरांकडून पळायचा सराव करून घेतात. खिशात कायम टेप. उंची, छाती, फुगवलेली छाती, सगळं स्वतः मोजतात, आणि माप भरत नसेल तर पोराला तिथूनच घरी धाडतात. आमच्या भागात अर्ज म्हणजे भरती, आणि भरती म्हणजे माप. मीही त्याच घरात वाढलेली.

"किती बसतात म्हणलीस?" आण्णांनी विचारलं.

"दहातल्या सहा."

"मग कशाला जातीस? चार कमी म्हंजे लय कमी. तितं एक सेंटिमीटरला पोरगं भाईर काढत्यात. उगं हसं व्हायचं."

"आवं आण्णा, ही फौज न्हाई."

"माप सगळीकडं मापच असतं."

मला असा राग आला! राग त्यांचा नव्हता, स्वतःचाच होता, कारण दोन दिवस मी मनाशी हेच म्हणत होते. जेवणात लक्ष लागलं नाही. आईनं दोनदा विचारलं, भाजी अळणी झालीय का म्हणून.

अर्जाची मुदत सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत होती. सोमवारी दुपारी मी लॅबच्या मागच्या पायऱ्यांवर बसून सांगलीच्या एका ऑडिटरांना फोन लावला. ते दरवर्षी आमच्या डेअरीचं अन्नसुरक्षेचं ऑडिट करायला येत आणि माझ्या चुका चष्म्यावरून बघत दाखवत. मिरजेच्या त्या कारखान्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, म्हणून मोकळेपणानं विचारता आलं.

"जाहिरात वाचून दाखवा," ते म्हणाले. मी वाचली.

"आता हे सांगा, 'आवश्यक' असं कशाकशापुढं लिहिलंय, आणि 'असल्यास प्राधान्य' कशापुढं?"

मी पुन्हा बघितलं. पदवी, लॅबचा अनुभव, अन्नसुरक्षेची पद्धत राबवलेली असणं, हे सगळं 'आवश्यक'मध्ये होतं आणि माझ्याकडे होतं. मी बसत नव्हते त्या चारातल्या तीन अटी 'असल्यास प्राधान्य'खाली होत्या. इतके दिवस मी दहाही एकाच रांगेत उभ्या करून मोजत होते. सरकारी भरतीच्या जाहिराती वाचून वाचून डोळ्यांना तीच सवय लागलेली.

"आणि दहा वर्षं?" मी विचारलं. "ती तर आवश्यकमध्ये आहेत."

"ती आहे खरी अडचण. त्यावर ते नाकारू शकतात. पण पदवी नसती तर मीच तुम्हाला नको म्हणालो असतो. आठ वर्षांत काय काय सांभाळलंत ते लिहा. आणि मॅडम, आठ आहेत तर आठच लिहायची. नऊसुद्धा नाही."

"नाही घेतलं तर?"

"तर नाही घेतलं. आज घेतलेलं आहे का?"

फोन ठेवला. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर नको म्हणून मोबाइलवरच अर्ज लिहिला. आधी कमी असलेल्या गोष्टी गुळमुळीत लिहिल्या, मग स्वतःचीच लाज वाटून खोडल्या. सरळ लिहिलं: अनुभव आठ वर्षांचा आहे, निर्यातीचं काम केलेलं नाही, कोर्स करायची तयारी आहे. सहा वाजत आले होते. पाठवताना बोट बटणावर ठेवलं आणि पुन्हा उचललं. शेवटी डोळे मिटून दाबलं. लगेच पश्चात्ताप झाला. मेल परत ओढून घेता येतं का, तेही शोधून बघितलं.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा आनंदाआधी भीतीच वाटली. दादानं, माझ्या थोरल्या भावानं, त्याच्या टेम्पोतून मला मिरजेला सोडलं. आण्णांना सांगितलं नव्हतं.

समोर कारखान्याचे प्रमुख आणि मनुष्यबळ विभागाच्या एक बाई. प्रमुखांनी माझा अर्ज टेबलावर आपटल्यासारखा ठेवला.

"औषधांच्या अंशांचं काम तुम्ही केलेलं नाही. आमचं निम्मं काम तेच आहे. समजा, युरोपला जाणाऱ्या मालाच्या नमुन्यात अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. कंटेनर दारात उभा आहे. काय कराल?"

"कुठल्या औषधाची मर्यादा किती, हे मला पाठ नाही," मी म्हणाले. त्यांच्या भुवया वर गेल्या. "पण तो माल जाणार नाही. बेदाणा कुठल्या बागायतदारांकडून आला ते काढीन, त्यांचा बाकीचा माल वेगळा ठेवीन, राखून ठेवलेला नमुना मान्यताप्राप्त लॅबला पाठवीन."

"आणि मालक म्हणाले, जाऊ द्या?"

त्यासरशी मला आठवलं. जनावरांना दिलेल्या औषधाचा अंश दुधात सापडला म्हणून मी आख्खा टँकर परत पाठवला होता, आणि दूधसंस्थेचे चेअरमन लॅबच्या दारात माझ्यावर ओरडत होते. मी ते सांगितलं. सांगताना आवाज चढला, जरा जास्तच.

प्रमुखांनी अर्ज चाळला. "हे यात का नाही लिहिलंत?"

काय सांगणार? मी दुधाला दुधाच्या मापानं आणि बेदाण्याला बेदाण्याच्या मापानं मोजत बसले होते. "सुचलं नाही," मी म्हणाले.

प्रमुखपद मिळालं नाही. दहा वर्षांची अट त्यांनी सोडली नाही. पण त्या बाईंचा फोन आला: उपप्रमुख म्हणून घेतो, कोर्स कारखाना करवून घेईल. मी लॅबच्या मागच्या पायऱ्यांवर बसून रडले, मग तोंड धुऊन नमुने तपासायला गेले.

पेढे घेऊन माहेरी गेले तेव्हा दादा टेम्पो धूत होता. आण्णांनी पेढा हातात धरून ठेवला.

"चार कमी आस्ताना घेतलं?"

"व्हय. फकस्त खालच्या जाग्यावर."

त्यांची नजर अंगणात दादाकडे गेली. दादाची भरतीची गोष्ट आमच्या घरात कुणी काढत नाही. अठराव्या वर्षी आण्णांनीच त्याची छाती मोजली होती. अर्धा सेंटिमीटर कमी भरली, म्हणून त्याला भरतीच्या मैदानावर जाऊच दिलं नव्हतं.

"तितल्या सायबानं मोजून भाईर काडला आसता तर काडला आसता," आण्णा म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. "मी का काडला गं?"

दादानं पाण्याची नळी तशीच चालू ठेवली होती, आणि धुऊन झालेल्या चाकावर तो पाणी मारत राहिला.