सासू, सून आणि मधला पडदा

सासू-सुनेचं इतकं जमतं म्हणजे नक्कीच काहीतरी लबाडी आहे, अशी शंका महादेवपुऱ्याच्या ब्रिज स्पर्धेत आमच्याबद्दल घेतली गेली. मला आधी हसू आलं, मग संताप.

तक्रार केली होती समोरच्या जोडीने. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हातातली पानं बघताना चष्मा कपाळावर सरकवतात. त्या खुणेवरून मला नेमकी उतारी, म्हणजे डावाचं पहिलं पान कोणतं टाकायचं ते, कळते, असं त्या जोडीचं म्हणणं. जोडीदाराला खुणा करणं म्हणजे सरळ चोरी. आरोप खरा ठरला असता तर आम्ही बाद, आणि निपाणीला होत्या तेव्हापासून पत्ते खेळत आलेल्या आईंचं नाव कायमचं खराब. 

स्पर्धेचे पंच बेळगावकडचे. त्यांनी आवाज चढवला नाही. ब्रिजमध्ये सगळ्या टेबलांवर तेच डाव वाटलेले असतात, त्यामुळे तीच पानं हाती असताना इतरांनी काय उतारी केली ते ताडून बघता येतं. तक्रारीनंतर त्यांनी एक माणूस आमच्यामागे बसवला. चष्मा वर गेला की तो टिपून ठेवी. मग पंचांनी ते डाव तपासले. आईंच्या हातात कधी बदाम भारी, कधी किलवर, आणि माझी उतारी भलतीच. कशाचाच कशाशी मेळ नव्हता.

"अक्का, माझी खात्री झाली. पण त्यांचीबी व्हायला पाहिजे," ते आईंना म्हणाले. "स्वल्प पडदा लावतो, एका फेरीपुरता."

टेबलाच्या मधोमध तिरका पडदा आला. आता आई मला दिसेनात. किती हात करणार ते सांगणाऱ्या बोलीच्या चिठ्ठ्यांचा ट्रे खालच्या फटीतून सरकायचा. पहिली उतारी झाली की मधली झडप उघडायची, तीही पानं दिसण्यापुरती.

आणि काय सांगू, मी सुटलेच! एरवी मी चुकले की आईंची भुवई वर जाते आणि माझं पुढचं पान आपोआप भित्रं पडतं. आता भुवईच नाही. राजा हातात ठेवून त्याच रंगातलं बारकं पान बेधडक टाकलं. झडप उघडली, पलीकडून आईंचा एक्का पडला आणि हात आमचा झाला. पलीकडे आईही अशा काही बोली लावत होत्या की मी थक्क. त्या फेरीत आमच्याइतके गुण कुणालाच मिळाले नाहीत.

तक्रार करणाऱ्या जोडीतल्या एकाने उठून आईंना हात जोडले. आईंचे डोळे भरून आले, माझेही.

"तुझं तोंड दिसत नव्हतं ना," आई हळूच म्हणाल्या. "तू नाक मुरडतेस गं, मी घाबरते."

त्या मला घाबरतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पंच पडदा काढायला वाकले. "शेवटची फेरी. आता याची गरज नाही."

"राहू दे!" आम्ही दोघी एकाच सुरात ओरडलो.

पंच सरळ झाले आणि आमच्याकडे बघत राहिले. "आता मात्र मला संशय यायलाय," ते म्हणाले.