चार दिवसांचं सोंग

अमळनेरच्या द्रौपदाला राज्याच्या क्रॉसकंट्री संघात जायचं होतं. त्या बळावर पोलिसात लागेन, असं तिच्या मनात होतं. बोरी नदीच्या काठाने ती पळायची, तेव्हा एक गोष्ट तिला कळली होती. पाळी यायच्या आधीच्या आठवड्यात, उन्हात तर फारच, नेहमीच्याच वेगाला दम लवकर लागायचा. पाळी सरली की पाय हलके व्हायचे. हे तिने चाचरत तिला पळायला शिकवणाऱ्या बन्सीलाल सरांना सांगितलं. सर म्हणाले, घड्याळाला बाई-पुरुष कळत नाही. मोठे विद्वान! वर त्यांनी वजन कमी करायला सांगून रात्रीची भाकरी बंद केली आणि पळणं वाढवलं.

दिवाळीनंतर पाळीच थांबली. सर खूश झाले. "आता खरी तयार झालीस," म्हणाले.

घरी मात्र पंचाईत. ताईबाईच्या, म्हणजे तिच्या आईच्या घरात बाई महिन्याला चार दिवस ओसरीच्या कोपऱ्यात बसायची, आणि कोण बसलं नाही याकडे गल्लीचे डोळे लागलेले असायचे. पाळी चुकल्याचं कळलं तर पळणं बंद पडेल या भीतीने द्रौपदा दर महिन्याला खोटीच बाजूला बसू लागली. वेगळं ताट, त्यात उरलंसुरलं. म्हणजे आधीच उपाशी पोर आणखी उपाशी. नडगी दुखू लागली तरी तिने तोंड उघडलं नाही.

निवड चाचणीत, धुळ्याच्या मैदानावर, तिच्या नडगीचं हाड मोडलं. ना खड्डा, ना धक्का.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घातलं आणि पाळीचं विचारलं. ताईबाई ठणकावून म्हणाली, अगदी वेळेवर, मी डोळ्यांनी पाहते ना. द्रौपदाला रडू फुटलं. दिवाळीपासून आलीच नाही, सगळं सोंग होतं, असं तिने सांगून टाकलं.

ताईबाईने लेकीचा दंड धरला. "खरं सांग, पोट कोनं शे?"

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. पळणं जास्त आणि खाणं कमी झालं की शरीर पाळी बंद करतं, मग हाडंही ठिसूळ होतात. आता पळणं बंद. पोटभर भाकरी, डाळ, दूध. पाळी परत आली की हळूहळू सुरुवात. पोटात कळा असतील त्या दिवशी हलकं पळायचं, जड वाटेल त्या आठवड्यात घड्याळाच्या मागे लागायचं नाही, अंग साथ देईल तेव्हा जोर लावायचा. प्रत्येकीचं वेगळं असतं.

ताईबाईने यातलं काही ऐकलं नाही. तिने आधी लघवीची तपासणी करायला लावली. दिवस गेले नव्हते. तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि तिने बाईंना हात जोडले.

"मंग लगीनले काही अडचन नई ना?"

द्रौपदा पाय वर टांगून पडली होती. तिला कोणी काही विचारलं नाही.