उत्तर न आलेली चार नावं

तिला सगळ्या कार्यालयात ‘आठवणबाई’ म्हणत. तोंडावर ‘बाई’, पाठीमागे ‘आठवणबाई’. पाणीपुरवठा विभागाच्या प्रशिक्षण शाखेत तिची एकवीस वर्षं गेली होती आणि त्यातली निम्मी तरी लोकांना आठवण करून देण्यात गेली होती. कार्यशाळेचं निमंत्रण पाठवलं की माणसं ते वाचतात, मान डोलावतात आणि विसरतात, हे तिला पाठ झालं होतं. “माझ्या घरचा माणूस जेवायला चल म्हटलं तरी दोन हाकांशिवाय उठत नाही,” ती म्हणे, “मग परक्यांकडून कसली अपेक्षा?”

त्या वेळची कार्यशाळा क्लोरीनची होती. पाणी शुद्ध करायचा तो वायू लोखंडी सिलिंडरमध्ये भरून पंपघरांवर येतो. सिलिंडर बदलताना चूक झाली तर छाती जाळून टाकतो. शुक्रवारचा एक दिवस, हॉलमध्ये सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर सहा माणसं, आणि सगळ्यांना मिळून एक शिकवणारा. छत्तीस खुर्च्या, छत्तीस श्वास घेण्याचे मास्क. मास्क बाहेरून येणार होते, तेही मोजून, म्हणून आकडा बुधवारी दुपारी बाराला पक्का हवा होता. बारा वाजून गेले की रिकाम्या जागा प्रतीक्षायादीतल्यांना द्यायच्या, असा नियम. तो तिनंच घातला होता, आणि आजवर कुणासाठी मोडला नव्हता.

सोमवारी सकाळी तिनं यादी उघडली. चोवीस ‘येतो’, तीन ‘जमणार नाही’, नऊ गप्प. जे ‘नाही’ म्हणाले त्यांना ती कधी त्रास देत नसे. नाही हेही उत्तरच. ज्यांनी उत्तर दिलं त्यांना पुन्हा संदेश पाठवून डोकंही उठवत नसे. फक्त त्या नऊ जणांना तिनं एकेकट्याला लिहिलं: ‘शुक्रवारच्या क्लोरीन कार्यशाळेला आपण येणार की नाही, हे बुधवारी दुपारी बारापर्यंत कळवा. मास्क आणि बसण्याची जागा माणसं मोजून ठरवायची आहे. येणं जमत नसेल तर तसंही कळवा, जागा दुसऱ्याला देता येईल.’ खाली अर्जाचा दुवा आणि तिचा फोन नंबर.

संध्याकाळपर्यंत पाच उत्तरं आली. उरले चार. तिनं चौघांची नावं एकाखाली एक लावली आणि तिचा हात थांबला. चारही जण एकाच पंपघरातले होते, गावाबाहेरच्या टाकीपाशी असलेल्या. त्या पंपघरात चालकच मुळी चार.

एखादा विसरतो, दोघं आळशी असतात. चौघं एकदम गप्प बसत नाहीत.

मंगळवारी तिनं फोन लावले. पहिला चालक वयानं सगळ्यात मोठा, दाढीमुळे ‘दाढीवाले मामा’. फोन उचलला, पण बोलताना आवाज असा खाली आणला की जणू शेजारी कुणी झोपलंय.

“बाई, आमची नावं काढून टाका.”

“का हो मामा? जमणार नाही का?”

“तसं नाही म्हणत मी. काढून टाका.”

दुसऱ्यानं “साहेबांना विचारा” म्हणून फोन ठेवला. तिसरा हसला. ते हसणं तिला दिवसभर नकोसं वाटत राहिलं. चौथ्याला सगळे ‘मौनी’ म्हणत, कारण तो बोललाच तर ‘हो’ आणि ‘बघू’ एवढंच. त्याचा फोन बंद होता.

त्यांचे ‘साहेब’ म्हणजे पंपघराचा मुकादम. तिनं त्यालाच फोन लावला.

“माझी माणसं शिकलेली आहेत,” तो गोड आवाजात म्हणाला. “कशाला उगाच बोलावता?”

“माझ्या नोंदीत चार वर्षांत त्यांच्यातलं कुणी आलेलं नाही.”

“मग नोंद चुकली असेल.” तो पुढं म्हणाला, “तुम्ही खुर्च्या मोजा, बाई. माणसं मी मोजतो.”

आवाज चढवला नव्हता, म्हणूनच ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं रुतलं.

दुपारी तिनं मामांना पुन्हा फोन केला. या वेळी वाऱ्याचा आवाज येत होता. बहुधा ते टाकीवर चढले होते.

“मामा, खरं सांगा. अडलंय कुठं?”

 मग ते म्हणाले, “तुमच्या त्या अर्जात एक रकाना आहे. ‘कामाच्या जागी असलेल्या मास्कचा प्रकार आणि क्रमांक’. तो भरल्याशिवाय अर्ज पुढंच जात नाही. आता तिथं काय लिहू? नाहीत म्हणून लिहिलं तर उद्या मी घरी. आहेत म्हणून खोटं लिहायला हात होत नाही. म्हणून गप्प बसलो. चौघंही.”

आठवणबाई खुर्चीत टेकली. तो रकाना तिनंच घातला होता. टेबलावर कुणाला कोणत्या प्रकारचा मास्क द्यायचा हे आधी कळावं म्हणून. आणि तो सक्तीचाही तिनंच केला होता, कारण लोक रकाने रिकामे सोडतात म्हणून तिला राग येई. चार माणसांना तोंड उघडायला जागाच तिनं ठेवली नव्हती.

ती उठून आपल्या शाखेच्या प्रमुखाकडे गेली आणि सगळं सांगितलं. प्रमुख माणूस वाईट नव्हता, पण सावध होता. “लेखी आल्याशिवाय मी पंपघरावर कसा जाऊ?” तो म्हणाला. “कार्यशाळा झाली की सोमवारी पाहणी लावतो. तोवर तुम्ही आकडा पक्का करा.”

सोमवार. तिला तो शब्द आवडला नाही. पण आकडा पक्का करणं तेवढं तिच्या हातात होतं. तिनं रकान्याची सक्ती काढली आणि चौघांना शेवटची आठवण पाठवली: ‘मास्कचा रकाना रिकामा ठेवला तरी चालेल. मास्क हॉलमध्ये मिळेल. फक्त येणार की नाही तेवढं बुधवारी बाराच्या आत कळवा. तुमच्या जागी त्या दिवशी बदली माणसं द्यायची जबाबदारी मुकादमांची आहे, तसं त्यांना लेखी कळवलं आहे.’ आणि ते पत्र तिनं खरोखरच मुकादमाला पाठवलं, प्रत प्रमुखाला.

बुधवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मामांचं उत्तर आलं. मग दुसऱ्याचं, मग हसणाऱ्याचं. तिघांचाही रकाना रिकामा.  बारा वाजायला पाच मिनिटं असताना तिनं मौनीला फोन लावला. बंद. बाराला लावला. बंद. नियम मोडायचा मोह झाला, पण नकार आलेल्या जागा आधीच भरल्या होत्या आणि प्रतीक्षायादीत अजून एक माणूस वाट पाहत होता. तिनं मौनीची जागा त्याला दिली. छत्तीसचा आकडा जुळला आणि मास्कवाल्याला कळवला. नेहमी आकडा जुळला की तिला हलकं वाटे. त्या दिवशी वाटलं नाही.

शुक्रवारी हॉल भरला. पंपघराचे तिघं मागच्या टेबलावर अंग चोरून बसले होते. शिकवणाऱ्यानं मास्क वाटले. मामांची दाढी आड येत होती, मास्क चेहऱ्याला घट्ट बसेना.

“दाढी काढावी लागेल, मामा. कडेनं वायू आत येतो.”

“चाळीस वर्षांची आहे हो,” मामा म्हणाले. “तिला विचारून सांगतो.” टेबल हसलं. त्या दिवशी ते शेवटचं हसणं.

पुढं शिकवणारा सिलिंडर बदलण्याकडे वळला. “हे काम कधीही एकट्यानं करायचं नाही,” तो म्हणाला. “एक जण हात लावतो, दुसरा दारात उभा राहतो. वॉशर दर वेळी नवा.”

आठवणबाई मागं भिंतीशी उभी होती. तिची नजर तिघांवर गेली. तिघं एकमेकांकडे पाहत होते.

“आज तिकडं कोण आहे?” तिनं वाकून विचारलं.

“मौनी.”

“आणि बदली माणसं?”

“आलीच नाहीत,” मामा म्हणाले. “साहेब म्हणाले, एकच माणूस पुरे. आणि आज सिलिंडर बदलायचा वार आहे, बाई.”

 तिघांना आणायचा हट्ट तिनं धरला होता. चौथ्याला एकटं कुणी पाडलं, हा प्रश्न तिनं स्वतःला तिथंच विचारला, आणि उत्तरात मुकादमाबरोबर आपलंही नाव आलं. तिनं पंपघराचा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. ती सरळ पुढं गेली आणि शिकवणाऱ्याला वाक्याच्या मध्ये थांबवलं. एकवीस वर्षांत तिनं कुणाचं भाषण थांबवलं नव्हतं.

हॉलबाहेर उभ्या असलेल्या गाडीत श्वासाचे संच होते. शिकवणारा, त्याचा जोडीदार आणि तिघं चालक निघाले. मागोमाग प्रमुखही, लेखी काही हातात नसताना. गाडी टाकीच्या वळणावर पोचली तेव्हाच तो वास आला, ब्लीचिंग पावडरीसारखा, पण घसा खरवडणारा.

मौनी फाटकाबाहेर वाऱ्याच्या उलट बाजूला मातीत बसला होता. डोळे लाल, तोंडातून फेस, छातीचा भाता झालेला. जुनाच वॉशर पुन्हा लावला होता, कारण नवा दिलाच नव्हता. गळती सुरू झाल्यावर त्यानं श्वास रोखून झडप बंद केली होती आणि मगच बाहेर आला होता. झडप उघडी राहिली असती तर उताराखालच्या घरांमध्ये वायू शिरला असता.

त्याला अकरा दिवस रुग्णालयात ठेवलं. मुकादमाला कामावरून दूर केलं, चौकशी बसली, पंपघरावर मास्क आले. मामांनी दाढी काढली. त्यांना ओळखायला माणसांना आठवडा लागला. सगळं झालं, पण मौनीचा श्वास पूर्वीसारखा झाला नाही. दोन जिने चढला की थांबावं लागतं.

तो रुग्णालयात असतानाच आठवणबाई त्याला भेटायला गेली होती.  त्यानंच घोगऱ्या आवाजात सुरुवात केली, आणि तिनं ऐकलेलं त्याचं ते सगळ्यात लांब बोलणं.

“तुमचे दोन्ही मेसेज वाचले होते, बाई. बदली माणूस येणार नाही, हे मला माहीत होतं. कुणीतरी थांबायला हवं होतं. तुम्ही विचारलं असतं तर ‘हो’ म्हणून बसलो असतो, म्हणून फोन बंद ठेवला.”

“मला ‘येत नाही, एकटा आहे’ एवढं कळवायचंत,” ती म्हणाली.  “मी काहीतरी केलं असतं.”

“काय केलं असतंत?”

  तिनं त्याच्या पलंगाशेजारचा पाण्याचा पेला उचलून त्याच्या हातात दिला आणि तो घोट घोट पाणी पीत असताना त्याच्या छातीचा आवाज ऐकत बसून राहिली.